पिवळा अर्ज

जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बारा वर्षं बसलेल्या बाईला माणसांवर विश्वास ठेवायला सांगू नये. महानगरपालिकेच्या मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसात माझं टेबल होतं. शाळाप्रवेशासाठी मुलाचं वय सहा महिन्यांनी वाढवून मागणारे बाप, मेलेल्या काकाचा दाखला काकू जिवंत असताना तिच्या नकळत न्यायला आलेले पुतणे, सगळे माझ्यापुढून गेलेले. कुठल्याही अर्जात एक तरी रकाना खोटा असतो, तो शोधला की दिवस सार्थकी लागला, असं मला खरोखर वाटायचं. याचा मला अभिमानही होता, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने मला चिटणीस केलं ते याच गुणासाठी. अध्यक्ष होते आमच्या आधीच्या एका तुकडीतले डॉक्टर. स्टेशनजवळ त्यांचा दवाखाना होता आणि सगळ्या जगाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. "तू संशय घे, मी विश्वास ठेवतो, म्हणजे संघ नीट चालेल," असं ते म्हणायचे. तोवर संघ म्हणजे वर्षातून एकदा भेळ खाणं आणि जुन्या मास्तरांना शाल देणं एवढंच होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांच्या डोक्यात आलं, की आपल्यातले जे कामधंद्यात मुरले आहेत त्यांनी शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना हाताशी धरावं. एकेकाला एकेक. कोणत्या मार्गाने जावं, मुलाखतीला काय बोलावं, कोणती परीक्षा द्यावी, एवढं सांगावं.

मी पहिल्याच सभेत म्हटलं, "फुकट कोण देतं हो डॉक्टर? जो देईल त्याला काहीतरी हवं असणार."

"मग तेच पत्रात लिही. काय मिळणार नाही ते आधी लिही," डॉक्टर म्हणाले.

तसं मी लिहिलं. ते पत्र मला अजून जवळजवळ पाठ आहे, कारण त्याचा सायक्लोस्टाइलचा स्टेन्सिल मी स्वतः कापला होता. मार्गदर्शकांनी महिन्यातले दोन रविवार द्यायचे, दर वेळी एक ते दीड तास, जून ते नोव्हेंबर असे सहा महिने. त्याआधी एक ओळखीची बैठक. भेटी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गातच होतील, दार उघडं राहील. कुणाच्या घरी नाही, हॉटेलात नाही. तीन महिन्यांनी दोघांनी वेगवेगळं पोस्टकार्ड चिटणिसांना टाकायचं, काय झालं ते चार ओळीत. एका मार्गदर्शकाकडे दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत. नोकरी लावून देणं, शिफारसपत्र, विमा, लग्न जुळवणं यातलं काहीही या योजनेत येत नाही.

जोडी कशी लावणार तेही स्पष्ट लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी पिवळा अर्ज भरायचा, मुलांनी पांढरा. तिघांची समिती आधी क्षेत्र बघणार, मग रविवारी सकाळ की संध्याकाळ ते बघणार, दोन्ही जुळत असेल तर राहण्याचं ठिकाण. जुळलेल्या दोघांनाही आधी विचारणार आणि दोघांनी होकार दिल्यावरच नावं एकमेकांना कळवणार. पहिल्या महिन्यात पटलं नाही तर कारण न सांगता बदल मागता येईल. पत्रं बुक पोस्टाने गेली. नावं आम्ही शालान्त परीक्षेच्या जुन्या निकालयाद्यांवरून आणि पत्ते परीक्षेच्या अर्जांवरून काढले होते, त्यातली निम्मी 'पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आली.

जे अर्ज आले त्यांनी माझं म्हणणं खरं करायला सुरुवात केली. एका गृहस्थांनी मार्गदर्शनाचा विषय लिहिला होता, 'भविष्याची तरतूद'. ते विम्याचे एजंट निघाले. एकांनी लिहिलं, मुलगी असल्यास बरं, पदवीधर असावी, आणि खाली आपल्या धाकट्या भावाची नोकरी कळवली होती. मुलंही काही कमी नव्हती. 'या योजनेकडून अपेक्षा' या रकान्यात एकाने फक्त 'कायम नोकरी' असं लिहून खाली सही ठोकली होती. मी हे सगळे अर्ज डॉक्टरांपुढे एकेक करून टाकत होते आणि मला फार मजा येत होती.

मग एप्रिलच्या शेवटी तो पिवळा अर्ज आला.

अक्षर छापल्यासारखं, नकाशावर मजकूर लिहितात तसं. काम, विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमचा फोरमन. टूलरूम म्हणजे जिथे लेथसारख्या यंत्रांवर कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं बनतात तो विभाग, हेही त्याने कंसात लिहिलं होतं, जणू वाचणारीला माहीत नसणार हे त्याला ठाऊक होतं. वेळ या रकान्यात 'दोन नव्हे, चारही रविवार'. आणि पसंतीच्या रकान्यात एकच ओळ होती. 'ज्याला किंवा जिला कोणी घेणार नाही, तो किंवा ती मला द्यावी.'

माझ्या मनात पाल चुकचुकली. मागितल्यापेक्षा जास्त देणारा माणूस मी खिडकीतून पुष्कळ पाहिला होता, तो नेहमी काहीतरी लपवत असतो. आणि कोणी न घेतलेली मुलगी या माणसाला कशाला हवी? मी निकालयादी काढली. त्याने लिहिलेल्या शालान्त वर्षाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आधीच्या वर्षी नव्हतं, नंतरच्या वर्षीही नव्हतं. सापडला खोटा रकाना. मी अर्ज घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला. समितीला सांगायचं तर पुरावा हवा, तोवर गवगवा नको, असं मी स्वतःला समजावलं. त्याला मी एक कार्ड टाकलं, वर माझ्या ऑफिसचा पत्ता घालून. शालान्त प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत पाठवावी, एवढंच. उत्तर आलं नाही. खोटं असल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही, असं वाटून मी मनातल्या मनात हसलेसुद्धा.

त्याच आठवड्यात एक पांढरा अर्ज आला होता, कांजूरमार्गच्या एका चाळीतून. मुलगी आमच्याच शाळेतून तीन वर्षांपूर्वी दहावी झालेली, आयटीआयच्या टर्नर ट्रेडला, दुसरं वर्ष. वडील संपापर्यंत गिरणीत होते, आता कुठेतरी वॉचमन. तिने लिहिलं होतं, 'वर्गात मी एकटीच मुलगी आहे. जॉब छान होतो असं सर म्हणतात, पण पुढे लेथवर बाईला कोण घेणार असंही तेच म्हणतात. आई म्हणते सोड. जुलैच्या शेवटी ट्रेड टेस्ट, म्हणजे शेवटची परीक्षा आहे. टेस्टनंतर पुढे काय करता येतं हे लेथवर काम केलेल्या माणसाने सांगितलं तर मी आईला सांगू शकेन.' जॉब म्हणजे लेथवर कापून तयार केलेला लोखंडाचा तुकडा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं तिला नोकरी लागलीय.

मेच्या दुसऱ्या रविवारी चित्रकलेच्या वर्गात समिती बसली. डॉक्टर, मी आणि बँकेत ऑफिसर असलेल्या आमच्या एक माजी विद्यार्थिनी. लांब टेबलावर एका बाजूला पिवळे अर्ज मांडले, दुसऱ्या बाजूला पांढरे, आणि जुळले की टाचणीने एकत्र टोचायचे. डॉक्टरकीला जाणारी दोन मुलं डॉक्टरांनी स्वतःच घेतली. सीए, इंजिनियर, शिक्षक, सगळ्यांच्या टाचण्या लागल्या. शेवटी तो कांजूरचा पांढरा अर्ज एकटा उरला.

"लेथवाला आपल्यात कोणीच नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. कळसा माझ्या खांद्याला लटकत होता.

"मग मी घेते तिला. मुलगी आहे, मी समजावेन," बँकेतल्या बाई म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगला होता, यात मला आजही शंका नाही. क्षेत्र जुळत नव्हतं, पण वेळ जुळत होती. लेथवालं कोणी नाही असं कळवून मी मुलीला विचारलं तेव्हा तिने हो लिहून पाठवलं. दुसरं काय लिहिणार होती?

जूनच्या पहिल्या रविवारी दोघी भेटल्या. मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला हजेरीवही घेऊन बसले होते. मुलगी अंगाने बारीक, तळहात बघितले तर पुरुषासारखे खरखरीत. बाईंनी तिला तासभर समजावलं. कारखान्यात तीन पाळ्या असतात, लग्नानंतर घरचे सोडणार नाहीत, त्यापेक्षा टायपिंग कर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, बँकांच्या परीक्षा दे, पंख्याखाली बसशील. मुलगी मान हलवत होती. तिच्या आईला हेच हवं होतं आणि आता बँकेतल्या ऑफिसरनेही तेच सांगितलं. तिसऱ्या रविवारी ती आली नाही. नंतर कार्ड आलं, दोनच शब्द, 'बदल हवा'. नियमाप्रमाणे कारण दिलं नव्हतं. मी ते कार्ड फाइलला लावलं. बदलून द्यायला होतं कोण?

जुलै लागला आणि एका दुपारी माझ्या खिडकीसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, बुशशर्टच्या खिशात स्टीलची पट्टी आणि पेन्सिल. त्याने दाखल्यासाठी पैसे पुढे केले नाहीत, उलट एक जीर्ण कागदच माझ्याकडे सरकवला. शाळा सोडल्याचा दाखला होता. आमच्या शाळेचा. इयत्ता आठवी. शाळा सोडण्याचं कारण, 'दोन वेळा अनुत्तीर्ण'.

"अर्ज टाकला आणि मी खोली बदलली, तुमचं कार्ड जुन्या पत्त्यावर फिरत बसलं मॅडम, परवा मिळालं. प्रमाणपत्र माझ्याकडे नाही, असणार पण नाही. हे आहे."

मी माझा ठेवणीतला आवाज काढला. "अर्जात शालान्त वर्ष लिहिलंयत. नापास होऊन आठवीत शाळा सोडली तर ते वर्ष कुठून आलं?"

"तुम्ही रकाना तोच ठेवला होता ना. शाळा सोडली ते वर्ष विचारलंच नव्हतं. रिकामं ठेवलं तर अर्ज बाद कराल म्हणून माझी तुकडी ज्या वर्षी जुनी अकरावी, तेव्हाची शालान्त, पास झाली ते लिहिलं. मी जरा आधी सुटलो."

तो रकाना मीच केला होता. अख्खी समिती त्यावरून नजर फिरवून गेली होती आणि शाळेतून मुलं शालान्त परीक्षेच्या आधीही बाहेर पडतात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नावं काढली तीही निकालयाद्यांवरून. शाळेत जनरल रजिस्टर होतं, त्यात प्रत्येक मुलाची नोंद असते, आला कधी आणि गेला का. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारी मी, मला ते आठवलं नाही. त्याला आमचं पत्र मिळालं होतं ते कारखान्यातल्या एका वर्गमित्राकडून.

तरी माझा पीळ जाईना. "चारही रविवार का लिहिलेत? दोन मागितले होते."

"चार दिले तर दोनदा येतील मॅडम. माझ्याकडे शिकाऊ पोरं असतात, मला माहीत आहे. दोन दिले तर एकदाच येतील."

"आणि ते, कोणी घेणार नाही ते मला द्या? ते का?"

त्याने दाखला उचलून खिशात ठेवला. मागे रांग खोळंबली होती, एकजण खाकरलासुद्धा. "तुमच्या पत्रात लिहिलं होतं आधी क्षेत्र बघणार. मला वाटलं, आपल्या शाळेच्या यादीत सगळे डॉक्टर, वकील असणार. एखादं आयटीआयचं पोर असलं तर ते मागे राहणार. कोणी ना कोणी असणारच. म्हणून लिहिलं. आलं का कोण तसं?"

मी 'नाही' म्हणू शकले असते. बारा वर्षांच्या सरावाने तो शब्द तोंडावर येऊन थांबला होता. मला इतकी लाज वाटली की मी त्याला बसायला सांगायचंही विसरले. "आहे एक," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरांपुढे पर्स उघडली. विश्वास ठेवणारा माणूस रागावतो तेव्हा तो आवाज चढवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ड्रॉवरमधून संघाची घटना काढली आणि मलाच वाचायला लावली. 'सभासद म्हणजे या शाळेत किमान एक वर्ष शिकलेली कोणतीही व्यक्ती.' मग म्हणाले, "शंका आली तर समितीत आणायची. तू शंका घेतली नाहीस, तू निकाल दिलास. आता त्या मुलीचा होकार घेऊन ये. पोस्टाने नाही, स्वतः जा."

कांजूरला मी शनिवारी गेले. चाळीच्या शेवटच्या खोलीत तिची आई तांदूळ निवडत होती. मुलगी घरी नव्हती. मी शाळेचं नाव सांगितलं, योजना सांगितली, एक फोरमन आहेत, लेथवरचे, फुकट शिकवतील म्हणून सांगितलं. बाईने सूप खाली ठेवलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"फुकट कोण शिकवता? आणि तुमका ह्यात काय गावता?"

"मला काही नाही."

"मगे इतक्या लांब कशाक इलात? शाळेचो काय कागद आसा तुमच्याकडे?"

माझ्याकडे नव्हता. दुसऱ्यांचे कागद तपासणारीकडे स्वतःचा एक नव्हता. ती बाई माझ्याकडे बघत होती तशी मी खिडकीतून लोकांकडे बघत आले होते, आणि त्या नजरेखाली उभं राहणं काय असतं ते मला पहिल्यांदाच कळलं. चूक तिची नव्हती. घरातला कर्ता गिरणीने घरी बसवलेला, त्यावर कोणी गोड बोलत आलं तर तिने संशय घ्यायलाच हवा होता.

मग ती जरा निवळून मुलीबद्दल म्हणाली, "चेडू टायपिंगाक गेला हा. तुमच्याच त्या बँकेतल्या बाईन सांगितल्यान ना? आता तीन आठवडे झाले, थंय आयटीआयत जायनाच."

तीन आठवडे. हजेरी कमी पडली की ट्रेड टेस्टला बसू देत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. मी विचारलं, पण बाईला त्यातलं काही माहीत नव्हतं. उद्या सकाळी दहाला शाळेत या, दोघीही या, एवढं सांगून मी निघाले.

दोघी आल्या. आई दाराजवळच्या बाकावर बसली, कोणी काही बोललं तर लगेच उठता येईल अशी. फोरमन माझ्या निरोपावरून आधीच येऊन बसले होते. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कापडात गुंडाळलेला लोखंडाचा एक जॉब काढून टेबलावर ठेवला. मुलीने तो उचलला, उजेडाकडे धरला, बोट फिरवलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"हा तुम्ही केलात?"

"नाही. माझ्याकडे एक शिकाऊ आहे, त्याने. एका बाजूला खराब झालाय. कुठे ते सांग."

तिने सांगितलं. ते बरोबर असावं, कारण ते पुढे टूल, वेग, कापाची खोली असं काहीबाही बोलू लागले आणि मला त्यातलं अक्षर कळेना. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "टेस्ट कधी आहे?"

"पंधरा दिवसांनी. पण हजेरी गेली. काल वर्गातल्या एका मुलाकडे विचारलं, सरांनी नाव कापलंय. आता पुढच्या वर्षी." आवाज न चढवता तिने हे सांगितलं. दाराजवळ तिची आई खाली बघत होती.

"तू मधे सोडलंस कशाला?" फोरमननी विचारलं.

"मला वाटलं आमच्यात लेथवालं कोणीच नाही. मॅडमनी तसं कळवलं होतं."

नियमाप्रमाणे जोडी लागल्यावर दोन्ही अर्ज एकत्र टोचून दोघांना दाखवायचे असत. मी पिवळा अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, पसंतीच्या ओळीपाशी थांबली, मग वर उजव्या कोपऱ्यात बघितलं. येईल त्या कागदावर आल्याच्या तारखेचा शिक्का मारायची माझी ऑफिसातली सवय होती, आणि मी तो मारला होता.

"हा एप्रिलमध्ये आलाय," ती म्हणाली. "मग इतके दिवस कुठे होता?"

फोरमन माझ्याकडे बघत नव्हते, ते कापडाची घडी घालत होते. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर पोस्टाचा घोळ झाला म्हटलं असतं, आणि खिडकीमागून मी ते लगेच ओळखलं असतं.

"माझ्या पर्समध्ये," मी म्हणाले.